कार्यशाळेचा फीडबॅक हजेरीशी जोडताय? आधी मोबाइल नंबर घ्या

नावावरून जोडायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या वेळी मी तेच केलं. हजेरीत ‘सौ. जोशी एस. आर.’ आणि फॉर्मवर ‘सुनीता जोशी’. अर्धी रात्र जुळवाजुळवीतच गेली. दोन्हीकडे मोबाइल नंबर घ्या, फक्त दहा आकडे. कुणी +91 लावतं, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतं, ते आधी साफ करा.

हजेरी दिवसाची नको, सत्राची हवी. सकाळी सही करून जेवणानंतर पसार होणारे प्रत्येक कार्यशाळेत असतातच! फीडबॅकच्या शीटमध्ये B रकान्यात नंबर, C मध्ये सत्र, आणि Hajeri शीटच्या A, B मध्ये तेच असेल, तर:

```
=COUNTIFS(Hajeri!A:A,B2,Hajeri!B:B,C2)
```

उत्तर 0 आलं की एकतर नंबर चुकलाय किंवा माणूस त्या सत्राला नव्हताच. अशा ओळी लगेच उडवू नका, आधी डोळ्यांखालून घाला.

नवखे हमखास फसतात ते सरासरीला. समजा, एका सत्राला 40 जण होते, फॉर्म 12 जणांनी भरला, सरासरी 4.6. दुसऱ्याला 38 जण, फॉर्म 31, सरासरी 4.1. पहिलं सरस, असं मी तरी म्हणणार नाही. उरलेल्या 28 जणांचं मत आपल्याकडे नाहीच, आणि खूश झालेले बहुधा आवर्जून भरतात. म्हणून सरासरीशेजारी ‘40 पैकी 12’ असा रकाना ठेवाच. आलेख वगैरे सध्या राहू द्या.

हो, आणि नंबर मागताय म्हणजे फॉर्म निनावी नाही, हे वर स्पष्ट लिहा.