टू-डी ॲनिमेशनमध्ये पाणी, धूर, आग हाताने काढतो, पण टायमिंग खोटं वाटतं. किती फ्रेम द्यायच्या?

पाण्याबद्दलच जास्त लिहितो, कारण त्यावरून एका सुपरवायझरशी झालेलं भांडण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

सीन साधा होता. पोरगा विहिरीत आधी दगड टाकतो, मग स्वतः उडी मारतो. दगडाचा स्प्लॅश मी काढला होता आणि तो छान बसला होता. उडीसाठी साहेब म्हणाले, तोच मोठा करून लाव. लावला, तर पोरगा वीतभर बाहुलीएवढा दिसायला लागला. दिसणारच. वर उडालेल्या पाण्याला गुरुत्वाकर्षण खाली खेचतं, आणि ड्रॉइंग मोठं केलं म्हणून ते बदलत नाही. 30 सेंटिमीटर उडणारं पाणी पाव सेकंदात टोकाला पोचतं, म्हणजे सेकंदाला 24 धरले तर 6 फ्रेम. 1.2 मीटर उडालं तर 12. उंची चौपट झाली की वेळ दुप्पट. मी 12 फ्रेमवर नवा काढला, तर ‘स्लो वाटतोय, आणि सुरुवातीला ईझ का नाही?’

ईझ नाहीच द्यायचा! पाण्याचा वेग पहिल्याच फ्रेमला सगळ्यात जास्त असतो. 6 फ्रेमच्या चढाचे 36 भाग करा आणि एकेका फ्रेमला 11, 9, 7, 5, 3, 1 असे चढवा. उतरताना हेच उलट. हा चढ वन्सवरच काढा, टूजवर काढला तर पहिला झटका मरतो. आणि दोन कीजच्या मधोमध रेघ मारून इनबिटवीन करू नका. पाण्याचा पडदा वर जाताना पातळ होतो, त्याला भोकं पडतात, भोकं मोठी होऊन बोटं उरतात, बोटांचे थेंब तुटतात. भोक कोणत्या ड्रॉइंगला पडणार हे आधी ठरवा. ते ठरवलं नाही तर पाणी रबरासारखं ताणलं जातं.

आगीतही आकार बघूनच फ्रेम द्या. वीतभर रुंद शेकोटीचा लोळ साधारण 6-7 फ्रेमला तुटतो, मीटरभर रुंद होळीचा 16च्या आसपास. धूर टूजवर चालतो. तो झपकन निघतो आणि मंदावत जातो. विरताना त्याला कडेने बारीक करू नका, आतून भोकं पाडा.

एक मात्र आहे, हे आकडे खऱ्यासारख्या ॲक्शनचे. कार्टूनी सीनमध्ये सगळं झपाझप चालत असेल तर पाणीही तसंच पळवा, पण मग पोराची उडीही त्याच वेगाची हवी. आमच्या सीनमध्ये उडी खऱ्या वेगाने होती. तुम्हालाही कोणी लायब्ररीतला स्प्लॅश ताणून लावायला सांगितलं, तर दोन्ही शेजारी लावून पेन्सिल टेस्ट दाखवा. मला तेवढा वेळ दिला नव्हता, नाहीतर तो वाद तिथेच संपला असता.