‘हाय रिस्क’ म्हणजे बाळात दोष ठरला असं नाही

ताई, गरोदरपणातल्या तपासणीत ‘हाय रिस्क’ आलं म्हणून तू घाबरलीस, पण आधी तुझ्या रिपोर्टमधला आकडा बघ. १:१८० म्हणजे असाच रिपोर्ट आलेल्या १८० बायांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष असतो, १७९ जणींच्या बाळांना नसतो. सोनोग्राफीत दिसणारं बाळाच्या मानेमागचं पाणी, तुझी रक्ततपासणी आणि तुझं वय यांवरून काढलेला हा अंदाज आहे, निदान नाही. पाणी कमी-जास्त बऱ्याच कारणांनी दिसतं.

नवख्या बाया इथं दोन चुका करतात.

- फॉर्म तपासत नाहीत. माझं वजन न मोजताच कुणीतरी ५५ लिहिलं होतं, होतं ४४! वजन, वय, सोनोग्राफीची तारीख चुकली की आकडाही चुकतो. ही सोनोग्राफी ११ ते १३ आठवडे ६ दिवसांतच धरतात.
- सासूबाईंच्या धास्तीनं या एका कागदावर गर्भ पाडायचं ठरवतात. तसं करू नको.

माझाही रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला, तेव्हा मला आमच्या तालुक्यातून नागपूरला पाठवलं. १६व्या आठवड्यात बाळाची गुणसूत्रं तपासायला पोटातून सुईनं गर्भजल काढलं. गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांना विचारून घे. निकाल नॉर्मल आला, पोरगी आता तिसरीत आहे.

मानेमागचं पाणी ३.५ मिमीच्या वर असेल, तर गुणसूत्रं ठीक निघाली तरी बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घे.