‘ऑफिस मध्ये’ की ‘ऑफिसमध्ये’?

परिपत्रकात मी ‘ऑफिसमध्ये’ लिहिलं होतं. साहेबांनी ते तोडून ‘ऑफिस मध्ये’ केलं. शब्द इंग्रजी आहे, म्हणून मराठी प्रत्यय वेगळा ठेवायचा, असं ते म्हणतात. कोण बरोबर?

तुम्ही. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडूनच लिहायची असतात. नाम कोणत्या भाषेतून आलं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

यामागचं कारण ‘घरामध्ये’ या शब्दात दिसतं. ‘मध्ये’ लागताना ‘घर’चं ‘घरा’ झालं. हे ‘घरा’ म्हणजे सामान्यरूप. पुढे काहीतरी जोडलं जाणार म्हणूनच ते घडतं, एकटं उभं राहू शकत नाही. त्यामुळे ‘घरा मध्ये’ लिहिलं की लगेच खटकतं. ‘ऑफिस’ मात्र ‘मध्ये’पूर्वी जसंच्या तसं राहतं, म्हणून दोन स्वतंत्र शब्द शेजारी ठेवल्यासारखे वाटतात. पण बदल दिसत नाही, एवढंच. जोड तीच आहे. ‘ऑफिसात’ म्हणून पाहा, लपलेलं सामान्यरूप लगेच बाहेर येतं.

तोडण्याची सवय बरीचशी हिंदी वाचनातून येते. हिंदीत नामापासून ‘में’, ‘से’, ‘का’ वेगळे लिहितात, आणि हिंदीपुरतं ते बरोबरच आहे. शिवाय फोनवर सुचवलेला शब्द निवडला की कळफलक पुढे आपोआप जागा सोडतो. ती मागे जाऊन पुसावी लागते.

तोडलं म्हणून असं काय बिघडतं? वाचणाऱ्याला कळतंच ना?

‘ऑफिस मध्ये’ कळतं. पण ‘वर’, ‘खाली’, ‘मागे’, ‘पुढे’, ‘बाहेर’ हे शब्द क्रियाविशेषणं म्हणून एकटेही येतात आणि तिथे अर्थच बदलतो. ‘बस मागे घ्या’ म्हणजे बस उलटी चालवा. ‘बसमागे उभे राहा’ म्हणजे बसच्या पाठीमागे. ‘लिफ्ट वर गेली’ म्हणजे ती वरच्या मजल्यावर गेली. ‘लिफ्टवर सूचना लावली’ म्हणजे सूचना लिफ्टला चिकटवली.

एका सोसायटीच्या फलकावर मी वाचलं होतं: ‘टेबल खाली ठेवू नये.’ सांगायचं होतं की टेबलाखाली काही ठेवू नका. वाचताना मात्र टेबलच खाली ठेवायला मनाई आहे, किंवा ते रिकामं राहू द्यायचं नाही, असे दोन अर्थ निघत होते. ‘टेबलाखाली काहीही ठेवू नये’ एवढं लिहिलं असतं, तर शंकेला जागा उरली नसती.

‘बँकमध्ये’ की ‘बँकेमध्ये’? ‘बसमध्ये’ चालतं, मग ‘बँकमध्ये’ का नाही?

‘बँकेमध्ये’ किंवा ‘बँकेत’. ‘बँक’ मराठीत इतकी मुरली आहे की तिचं अनेकवचनही आपण ‘बँका’ असं करतो. ‘मोटार’चं ‘मोटारी’ होतं, म्हणून ‘मोटारीत’. ‘बस’, ‘टीम’ यांचं अनेकवचन आपण सहसा असं करत नाही, म्हणून ‘बसमध्ये’, ‘टीमला’. स्त्रीलिंगी शब्दांसाठी ही खूण बहुधा उपयोगी पडते. ती काटेकोर नियम नाही: ‘फायली’ म्हणत असलो तरी ‘फाइलमध्ये’ आणि ‘फायलीत’ दोन्ही रूढ आहेत.

तोडून लिहिण्याचा खरा तोटा मला इथे दिसतो. ‘बँक मध्ये’ लिहिणाऱ्याला आपण सामान्यरूप करायचं विसरलो, हे जाणवतच नाही. मधली जागा ती चूक झाकते. जोडून ‘बँकमध्ये’ लिहिलं की कानाला लगेच बोचतं.

ऱ्हस्व-दीर्घही याच धाग्याने सुटतं. अशा शब्दांचं सामान्यरूप होत असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ ऱ्हस्व होतो: पोलीस–पोलिसांना, बूट–बुटात. ते होत नसेल तर दीर्घच राहतो: टीमला, रूममध्ये.

पोस्ट ऑफिससारखे दोन शब्द असतील तर?

शेवटच्या शब्दाला जोडा: पोस्ट ऑफिसमध्ये, रेल्वे स्टेशनवर. ‘च’ आणि ‘ही’ आले तर तेही जोडून: पोस्ट ऑफिसमध्येच.

मी ॲपच्या सूचना लिहिते. पडद्यावरचं नाव रोमन लिपीतच ठेवावं लागतं. मग ‘Settingsमध्ये’ लिहू का?

आधी शब्द खरंच रोमन हवा का, ते तपासा. ‘पीडीएफमध्ये’, ‘ईमेलवर’ देवनागरीत सहज बसतात. पडद्यावर तीच अक्षरं शोधायची असतील, तेव्हा रोमन ठेवा. पण दोन लिप्या चिकटवल्या की वाचकाची नजर अडखळते, आणि ‘मध्ये’ हा नावाचाच भाग आहे का, असा प्रश्न पडतो. जागा सोडली तर ‘ला’ किंवा ‘ने’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा जाऊन पडू शकतो.

मी मध्ये एक मराठी नाम आणते आणि प्रत्यय त्याला लावते. ‘Settings मध्ये जा, Privacy ला टॅप करा आणि Save वर दाबा’ हे वाक्य मी असं लिहीन: ‘“Settings” या विभागात जा, “Privacy” हा पर्याय निवडा आणि “Save” हे बटण दाबा.’ वाक्य थोडं लांबतं. पण नाव पडद्यावरच्यासारखंच राहतं, आणि उद्या ते बदललं तरी अवतरणातला शब्द तेवढा बदलावा लागतो. जागा फारच कमी असेल, तर ‘Settings-मध्ये’ असा संयोगचिन्हाचा मार्ग घ्या आणि सगळ्या सूचनांमध्ये तोच पाळा.