पैसे कापल्याचा मेसेज आला, ऑर्डर मात्र नाही

प्रश्न: अमेरिकेतल्या एका दुकानातून वस्तू मागवतोय, पार्सल तिथल्या भाच्याकडे जाणार आहे. कार्ड चालू आहे, पैसेही आहेत, तरी तीन वेळा «Billing address does not match» आलं. वर प्रत्येक वेळी पैसे कापल्याचा मेसेज! आता काय करू?

उत्तर:

सगळ्यात आधी, चौथ्यांदा प्रयत्न करू नका. पैसे कापल्याचा मेसेज आला म्हणजे तुमच्या बँकेने होकार दिला होता. नकार दिलाय तो दुकानाने, पत्ता तपासल्यावर. दरम्यान बँकेने तेवढी रक्कम अडवून ठेवली. दुकानाने व्यवहार रद्द केला की ती मोकळी होते, पण त्याला काही दिवस लागतात. तुम्ही तीनदा प्रयत्न केलात, म्हणजे तीन रकमा अडकल्या असणार. (बँकेनेच नाकारलं असतं तर मेसेज व्यवहार फसल्याचा आला असता. तेव्हा आधी ॲपमध्ये कार्डाचा परदेशी ऑनलाइन वापर चालू आहे का ते बघायचं. तुमची अडचण ती नाही.)

आता पत्त्याचं बघू. पार्सल भाच्याकडे जाणार म्हणून तुम्ही बिलिंगच्या रकान्यातही त्याचाच पत्ता टाकलात, असा माझा दाट संशय आहे. बऱ्याच दुकानांच्या फॉर्मवर «Same as shipping address» ही खूण आधीच केलेली असते आणि ती आपल्या लक्षात येत नाही. पार्सल कुठे पोचवायचं तो पत्ता वेगळा आणि कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याचा बँकेतला पत्ता वेगळा. कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरूनच दुकानाला कळतं की कार्ड भारतातल्या बँकेचं आहे. त्याच्यासोबत न्यू जर्सीचा पत्ता दिसला की चोरीचं कार्ड असावं अशी शंका येते. त्यामुळे ती खूण काढा, आधी देश India निवडा आणि मग बँकेतला पत्ता भरा. देश बदलला की झिप कोडच्या जागी बहुतेक फॉर्म सहा आकडी पिनकोड घेतात. पिनकोडचा एक आकडा गाळून पाच आकड्यांत बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने पत्ता आणखीच चुकतो.

बँकेतला पत्ता म्हणजे आपण आज राहतो तो, असं मात्र समजू नका. मी एकदा जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सची एक रिंग मागवत होतो, किंमत ४६ डॉलर. नाशिकहून पुण्याला येऊन दोन वर्षं झाली होती आणि बचत खात्यावर पुण्याचा पत्ता मी स्वतः शाखेत जाऊन बदलून घेतला होता. तरी दुकान नकार देत राहिलं. शेवटी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडलं, तर वरच्या कोपऱ्यात नाशिकचाच पत्ता! खात्याची नोंद वेगळी, कार्डाची वेगळी. एक बदलली म्हणून दुसरी बदलतेच असं नाही. मग दुकानात बिलिंगला नाशिकचा पत्ता स्टेटमेंटवर होता तसाच्या तसा टाकला, पार्सलसाठी पुण्याचा ठेवला, आणि ऑर्डर गेली. कार्डाचा पत्ता नंतर बदलून घेतला. तुम्हीही ज्या कार्डाने पैसे भरताय त्याचंच स्टेटमेंट बघा. डेबिट कार्ड असेल तर खात्याचं बघायचं.

एवढं करूनही नकार आला तर कारण तुमच्या हातातलं नसेल. अमेरिकन दुकानं जी तपासणी वापरतात तिला «AVS» म्हणतात. त्यात घराचा नंबर आणि झिप कोड कार्ड देणाऱ्या बँकेच्या नोंदीशी ताडून पाहतात, आणि बँक जुळलं, अर्धवट जुळलं किंवा नाही जुळलं असं उत्तर पाठवते. ही पद्धत मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या बँकांची. भारतातल्या कार्डाबाबत बरेचदा «तपासता आलं नाही» एवढंच उत्तर जातं. ते चालवून घ्यायचं की ऑर्डर अडवायची, हे दुकानाने स्वतः ठरवलेलं असतं. कडक दुकानात तुम्ही पत्ता कितीही अचूक लिहिलात तरी फरक पडत नाही. अशा वेळी दुकानाला ईमेल करा: कार्ड भारतातलं आहे, पार्सल अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे जाणार आहे, ऑर्डर हाताने तपासून मंजूर कराल का? छोटी दुकानं हे करतात. पेपाल घेत असतील तर तो मार्ग सोपा, कारण तिथे कार्डाची तपासणी दुकान करत नाही, पेपाल करतं. दोन्ही नाही जमलं तर भाच्यालाच त्याच्या तिथल्या कार्डाने मागवू द्या.

अडकलेल्या तीन रकमांसाठी दहाएक दिवस थांबा. तोवर मोकळ्या झाल्या नाहीत तर तिन्ही व्यवहार रद्द केल्याचं दुकानाकडून ईमेलवर लेखी घ्या. तो ईमेल, तारखा आणि रकमा बँकेच्या तक्रारीला जोडा.