कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज कमी करायचाय? आधी बाजूचं झाकण काढून बघ

नवे पंखे मागवायची घाई करू नकोस. आधी केसचं बाजूचं झाकण काढ आणि नेहमीचा गेम वीस मिनिटं चालव. ग्राफिक्स कार्डचं तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर केसमध्ये हवा पुरत नाहीये. मग पुढची जाळी धुळीने तुंबलीये का ते बघ. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढी मांडणी बहुतेकांना पुरते. वरच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा पंखा मात्र लावू नकोस. आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो ओढून नेतो.

झाकण काढूनही फरक पडला नाही, तर केस ठीक आहे. आता फॅन कर्व्हकडे वळ, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल हे ठरवणाऱ्या रेषेकडे. कानाला खरा त्रास होतो तो आवाजाच्या चढउताराचा. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणात ४५ वरून ६५ अंशांवर जातो, लगेच उतरतो आणि पंखा उगाच त्याच्यामागे धावतो. म्हणून ६५ अंशांपर्यंत रेष सपाट ठेव, साधारण ७०० आरपीएमवर. पुढे ८० अंशांपर्यंत ती हळूहळू १२०० पर्यंत चढव, त्यानंतर सरळ पूर्ण वेग. बायोसमध्ये `Step Up` अशा नावाची सेटिंग असेल, तर काही सेकंदांचा उशीर दे.

१२०० वरून ८०० वर आलास की हवा एक तृतीयांश घटते, पण आवाज जवळपास नऊ डेसिबलने उतरतो. हा सौदा मी कधीही घेईन.