पुतण्या अल्पवयीन आहे, विम्याच्या दाव्याचं पत्र कुणी लिहायचं?

प्रश्न: भाऊ वारला. पॉलिसीवर नॉमिनी अकरा वर्षांचा पुतण्या आहे. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचे. पालक म्हणून मी अर्ज करू का?

उत्तर: आधी पॉलिसी उघडून नॉमिनीच्या नावाखाली 'अपॉइंटी' म्हणून कुणाचं नाव आहे का ते बघा. विमा कायद्याच्या कलम 39 प्रमाणे विमाधारकाने नेमलेली ही व्यक्ती मुलाच्या वतीने रक्कम घेते. ती हयात असेल, तर दावा तिनेच करायचा.

रकाना कोरा असेल तर पत्र वहिनींच्या सहीने जाऊ दे. वडिलांनंतर आई नैसर्गिक पालक असते, तिला सहसा कोर्टाचा आदेश लागत नाही. काकांना मात्र जिल्हा न्यायालयातून पालकत्व घ्यावं लागतं, त्यात महिने जातात.

पत्रात एवढंच लिहा: "मी कु. ... याची आई व नैसर्गिक पालक. पॉलिसी क्र. ... ची रक्कम त्याच्या वतीने मागत आहे. ती त्याच्या खात्यात जमा करावी." सोबत मूळ पॉलिसी, मृत्यू दाखला, मुलाचा जन्मदाखला, दोघांचं आधार, वहिनींचं पॅन आणि मुलाच्या नावाचं, वहिनी पालक असलेलं पासबुक जोडा.

आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. मराठी शाळेच्या दाखल्यावर 'पाटील' असतं आणि कन्नडवरून इंग्रजीत उतरवलेल्या कागदावर स्पेलिंग भलतंच. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव वहिनींच्या आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.