मिसळल्यावर मेल्टिंग पॉइंट उतरला, म्हणजे पदार्थ वेगळाच का?

> «टी.वाय.बी.एस्सी. प्रॅक्टिकल. इथाइल बेन्झोएटच्या हायड्रोलिसिसमधून आलेलं घन पाण्यातून रिक्रिस्टलाइझ केलं. मेल्टिंग पॉइंट १२१–१२२. लॅबमधल्या बाटलीतलं बेन्झोइक ॲसिड मिसळलं तर ११७–१२० आला. मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट उतरला म्हणजे माझं बेन्झोइक नाही का?»

असा निष्कर्ष काढण्याआधी एक सांगा: त्या बाटलीतल्या पावडरचा, नुसत्या तिचाच, मेल्टिंग पॉइंट घेतलात का? तुमच्या पोस्टमध्ये तो आकडा नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय.

शुद्ध बेन्झोइक ॲसिड १२२ च्या आसपास, एखाद-दोन अंशांच्या आत वितळतं. तुमची रेंज तशीच आहे, म्हणजे तुमचं घन बहुधा स्वच्छ आहे. पण रेंज अरुंद आहे यावरून ते नेमकं काय आहे हे ठरत नाही. २-नॅफ्थॉलही त्याच आकड्यांत वितळतं. मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट काढतात तो याचसाठी.

समजा, बाटलीतला नमुना एकटा ११५–११९ ला वितळला. मग तुमचं मिश्रण दोघांच्या मध्ये बसतं. पदार्थ एकच असून बाटलीतल्या मालात कचरा असेल तर असंच होतं, कारण मिसळल्याने तो कचरा अर्धा झाला, नवीन काही आलं नाही. पदार्थ खरोखर वेगळे असते तर मिश्रण दोघांच्याही खाली गेलं असतं आणि रेंज चांगलीच पसरली असती. बेन्झोइक आणि २-नॅफ्थॉल समान मिसळून बघा, १२२ च्या कितीतरी आधीच ओलं व्हायला लागतं. म्हणून «उतरला का» एवढं विचारून भागत नाही, «दोघांच्याही खाली उतरला का» हे बघायचं.

माझा राग जुना आहे. पूर्व उपनगरातल्या एका लॅबमध्ये होतो तेव्हा ॲसिटॅनिलाइडच्या एका बॅचवर हाच शिक्का बसला. आमचा माल ११४–११५ ला, मिश्रण खाली, म्हणून «ओळख पटली नाही». संदर्भाची बाटली स्टोअरमधून आलेली, झाकण अर्धवट, वर्षानुवर्षं त्यात सगळ्यांचे चमचे बुडालेले. नवीन बाटली मागितली तर उत्तर ठरलेलं: «लेबलवर प्युअर लिहिलंय ना?» बॅच पुन्हा पुन्हा पाण्यातून काढायला लावली आणि दर खेपेला माल मदर लिकरमध्ये जात राहिला. शेवटी बाटलीतलंच ॲसिटॅनिलाइड गरम पाण्यातून स्फटिकून घेतलं, वाळवलं, तेव्हा मिश्रण आणि दोन्ही नमुने एकत्र वितळले. स्टोअरने मात्र ती बाटली काही फेकली नाही.

तेव्हा तुम्हीही बाटलीतलं थोडं आधी रिक्रिस्टलाइझ करा. मग तीन कॅपिलरी: तुमचं, त्यांचं, आणि समान भागांचं मिश्रण. मिश्रण वॉच ग्लासवर नीट घोटून घ्या, नुसतं हलवून चालत नाही. भर २–३ मिलिमीटर. तिन्ही एकाच थर्मामीटरला बांधून एकदमच तापवा. थर्मामीटर अंशभर चुकत असला तरी तिघांसाठी सारखाच चुकेल. अंदाजे आकडा माहीत आहे, तर शेवटचे १५ अंश मिनिटाला १–२ अंश याच वेगाने चढवा. घाईत तापवलं की बाथमधल्या द्रवाचं तापमान पुढे जातं आणि कॅपिलरी मागे राहते. पावडर नुसती आकसली तर ती सुरुवात धरायची नाही, पहिला द्रवाचा थेंब दिसला की सुरुवात, आणि सगळं पारदर्शक झालं की शेवट. एकदा वितळलेली कॅपिलरी पुन्हा वापरू नका.

जुलैत हे करत असाल तर वाळवण्यावर माझा विशेष आग्रह आहे. मुंबईच्या हवेत फिल्टर पेपरवर पसरलेलं घन रात्रभरात वाळत नाही, आणि ओलावा हीसुद्धा अशुद्धीच. पेपरमध्ये दाबून डेसिकेटरमध्ये ठेवा, सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर आधी ते तापवून निळं करा. बेन्झोइक ओव्हनमध्ये १०० च्या जवळ ठेवलं तर सब्लाइम होऊन उडतं, ते टाळा.

उलट बाजूही सांगून ठेवतो: मिश्रण उतरलं नाही म्हणजे दरवेळी एकच पदार्थ असं नाही. ज्यांचे स्फटिक एकमेकांत सहज सामावतात असे काही वेगळे पदार्थ मिसळूनही फारसे उतरत नाहीत. शंका असेल तर १:१ सोबत १:४ आणि ४:१ ही मिश्रणंही घ्या. बेन्झोइकसाठी एवढं बहुधा लागणार नाही. बाटलीतल्या नमुन्याचा एकट्याचा आकडा आला की इथे टाका, मग बघू.